मुठीत मावणारं खळं

ऊन उतरलं की खाडीकाठच्या बायका जवळा झाडूनं ओढून घेतात. दिवसभर ताडपत्रीवर पसरलेला, नखाएवढा, गुलाबी-पांढरा जवळा, म्हणजे बारीक कोळंबीच. त्याचे लहान लहान ढीग करायचे, वरून दुसरी ताडपत्री टाकायची, कडेला दगड ठेवायचे. पुढे एकच प्रश्न उरतो. रात्री हे इथेच ठेवायचं, की पाट्या भरभरून गावकीच्या सभागृहात नेऊन टाकायचं? अर्धवट सुकलेल्या जवळ्यावर पाऊस पडला तर सकाळी नुसता वास उरतो. आणि न पडणाऱ्या पावसासाठी तो उचलून नेला, तर कंबर मोडते ती मोडतेच, वर जवळ्याचे तुकडे होतात.

या प्रश्नाचं उत्तर ऐरोलीच्या त्या कोळीवाड्यात गोटीरामकडे असायचं. मोबाईल सगळ्यांकडे होते, हवामान सांगणारी चित्रंही त्यात होती. पण ती चित्रं अख्ख्या नवी मुंबईला एकच ढग दाखवायची. गोटीराम आपल्या खाडीपुरतं सांगायचा. होडी त्यानं सोडून दिली होती, वय सत्तरीकडे झुकलं होतं. तरी संध्याकाळी सदऱ्याची बटणं लावत तो जेट्टीवर यायचा, पायांत अंतर ठेवून उभा राहायचा, वारा गालावर घ्यायचा आणि चांदण्याचा पंधरवडा असला की चंद्राकडे बघायचा.

"दादूस, काय बोलतंय आभाल?" पुतळा विचारायची. तिचा ढीग सगळ्यांत मोठा आणि जीभही.

"खलं हाय," गोटीराम म्हणायचा. "पन बारीक हाय. अगदी चांदाला खेटून. पानी लांब हाय अजून. ठेवा बिनघोर."

चंद्राभोवती कडं दिसलं की त्याला खळं म्हणायचं, हे त्याच्या बापानं त्याला होडीत शिकवलं होतं. कडं मोठं असेल तर पाऊस दाराशी, लहान असेल तर पाऊस परगावी, ही मोजणीही तिथलीच. बायका ढिगांवर ताडपत्री ओढायच्या आणि घरी जायच्या. त्यात गोटीरामची बायको सखूही असायची. ढीग झाकताना ती गुणगुणायची. जुनं काही नाही, तिचं तिनंच जुळवलेलं.

*चांदाच्या दारी बाई पांढरी रांगोली,*
*कोन आलं पाहुनं, कुनी रेघ ओढली?*

"कुनी ओढली, मी ओढली," गोटीराम म्हणायचा आणि बायका हसायच्या.

यंदा दसऱ्याच्या आधीपासून गोटीरामला खळं रोजच दिसू लागलं.

त्याची सून सुचिता ऐरोलीतल्याच एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायची. पाच वर्षांपूर्वी ती करंजाड्याहून या घरात लग्न होऊन आली. संध्याकाळी शाळेच्या वह्या संपल्या की ती जेट्टीवर सासूला हात लावायला यायची. पहिल्या दिवशी सासऱ्यांनी खळं सांगितलं तेव्हा तिनंही मान वर केली. आकाश धुतलेल्या ताटासारखं. चंद्र होता, दोनतीन तारे होते.

"बाबा, कुठाय?"

"हे काय, समोर! चांदाभवती. आतून निलसर, भायेरून तांबूस. नवरदेवाच्या फेट्यावानी."

"मला नाही दिसत."

"तुमच्या शालंच्या डोल्यांना काय दिसायचं, सुचिते. तुमी फल्यावर बघता."

पुतळा फिस्सकन हसली. सुचिताही हसली. पातळ ढगांचा एखादा पदर असेल, सासऱ्यांची नजर आयुष्यभर पाण्यावर तासलेली, त्यांना दिसत असेल, असं तिला खरंच वाटलं. अशा माणसाच्या डोळ्यांवर शंका घेणं तिच्या मनात आलंच नाही. आपल्याच डोळ्यांचा तिला जरा कमीपणा वाटला.

त्याच दिवसांत गोटीरामच्या डाव्या भुवईवर ठणका लागायचा. दिवे लागले की सुरू व्हायचा. सखू बाम चोळायची, वर रुमाल बांधायची. "खाडीचा वारा बाधतो. किती येला सांगितलं, कानटोपी घाला म्हनून." रुमाल बांधून तो झोपायचा आणि सकाळी ठणका गेलेला असायचा. सकाळी गेलेल्या दुखण्याला कुणी दवाखान्यात नेत नाही. मुलगा हरेश एकदा म्हणाला, "बाबा, चष्म्याचा नंबर वाढला असेल, रविवारी जाऊ." तो एका ऑफिसची गाडी चालवायचा, त्याचे रविवार त्याचे स्वतःचे नव्हते. दोन रविवार गेले.

खळं मात्र रोज होतं आणि रोज चंद्राला खेटून होतं. पाऊस पडत नव्हता. गोटीरामचा शब्द रोज खरा ठरत होता.

कोजागिरीला तीन दिवस होते. हवा दुपारपासून कोंदटली होती, ब्लाउज पाठीला चिकटत होते. सुचिता शाळेतून येताना पुलावर रिक्षा थांबली, तेव्हा तिनं पश्चिमेकडे पाहिलं. आभाळावर कुणी दुधाचा हात फिरवल्यासारखा पांढुरका थर चढत होता. सूर्य त्यातून दिसत होता, पण त्याची धार गेली होती. घरी येऊन तिनं चहा घेतला आणि जेट्टीवर गेली. चंद्र तोवर चांगला वर आला होता.

आणि खळं होतं.

तिनं पुस्तकातल्या आकृतीत ते कितीदा काढून दाखवलं होतं, पण इतकं मोठं, इतकं पुरं असं पहिल्यांदाच पाहत होती. चंद्र मधोमध, आणि भोवती केवढं तरी मोठं, फिकं पांढरं वर्तुळ. आतली कड जराशी लालसर आणि रेखीव. बाहेरची कड विरत गेलेली. वर्तुळाच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा काळोखं, जणू अंगण सारवून घेतलंय.

तिच्यातली शिकवणारी बाई जागी झाली. शेजारी तिच्याच शाळेत नववीत शिकणारी पुतळाची नात अक्षता उभी होती, पण सांगायचं तिला होतं ते सासऱ्यांना. त्यांच्या खळ्याचं खरं कूळ आपल्याला ठाऊक आहे, आणि आज दोघांना एकच खळं दिसतंय, याचा आनंद तिला आवरेना.

"बाबा, आज मला दिसतंय!"

"बघ! म्हनालो ना."

"कसं होतं सांगू? आपल्याला इथे घाम फुटलाय, पण वर, सात-आठ किलोमीटरवर, तिथे बर्फ आहे. बर्फाचे बारीक कण. सहा बाजूंचे, आपल्या शिसपेन्सिलीसारखे. चंद्राचा उजेड एका बाजूनं आत शिरतो, मधली एक बाजू सोडून पुढच्या बाजूनं बाहेर पडतो आणि वाकतो. कण कसाही फिरो, बावीस अंशांपेक्षा कमी तो वाकूच शकत नाही. बहुतेक उजेड त्या बाविसाच्या आसपासच बाहेर येतो. म्हणून तेवढ्याच अंतरावर कडं उमटतं. आत उजेड येत नाही, म्हणून आत काळोख."

"बाय, आमच्या डोक्यावर बर्फ?" पुतळा म्हणाली. "मंग थोडा खाली टाकायला सांग, मासल्यांना लागतो."

"म्हंजी बर्फाचं कांकन," सखू म्हणाली. तिला ते आवडलं.

"हो आई. आणि गंमत म्हणजे ते लहान-मोठं होतच नाही. कधीही बघा, कुठूनही बघा, बर्फ तोच, कोन तोच. हात लांब करायचा, अंगठा चंद्रावर ठेवायचा आणि वीत ताणायची. करंगळी जिथे पोचते, तिथे कडं."

अक्षतानं हात लांब केला. वीत ताणली. "पोचलं, टीचर!" सुचितानं आपली वीत लावली. पोचलं. सखूनं जवळ्याचा हात पदराला पुसून वीत लावली, तीही पोचली. लहान हाताला लहान वीत, मोठ्या हाताला मोठी, माप सगळ्यांचं एकच.

"बाबा, तुम्ही लावा ना."

गोटीरामनं हात वर केला. वीत ताणली नाही. त्यानं मूठ वळली.

"एवढं कुटं हाय? मुठीत मावतंय."

"मूठ नाही बाबा, वीत. ते मोठं, पांढरं."

"मोठं कुटलं? हे काय, चांदाला खेटलंय. रोजचंच. निलं, पिवलं, भायेरून तांबडं." तो हसला. "तुमची वीत लय लांब गेली, सुचिते."

सुचितानं पुन्हा वर पाहिलं. चंद्राला खेटून काहीच नव्हतं. आणि खऱ्या खळ्याची आतली कड लाल होती, बाबा बाहेरची लाल सांगत होते. हे वाक्य तिच्या मनात आलं आणि तिथेच थांबलं.

"बाबा," ती जरा हळू म्हणाली, "अंगठ्यानं चंद्र झाका. नुसता चंद्र. कडं दिसतं का बघा."

आभाळातलं खळं चंद्र झाकल्यानं पुसलं जात नाही. ते वर बर्फात उमटलेलं असतं, अंगठ्याच्या पुष्कळ बाहेर. उलट, चकाकी गेली की जास्तच ठळक दिसतं.

गोटीरामनं अंगठा धरला. थोडा हलवला, नेमका बसवला.

"चांद झाकला तं खलं बी गेलं," तो म्हणाला. "जानारच ना. चांदाचंच खलं."

सुचितानं दुसरीकडे हात केला.

"त्या जेट्टीच्या दिव्याकडे बघा," ती म्हणाली. "त्याला आहे का असं?"

"हाय की. त्या नव्या पांढऱ्या दिव्यांना सगल्यांनाच हाय. ते दिवेच तसले."

"कधीपासून?"

"झालं आता… शिमग्याला पालखीच्या येली बी होतं. तवा अधनंमधनं, आता रोज."

मार्चपासून. सुचिता त्याच्या डाव्या अंगाला सरकली आणि काही न बोलता उभी राहिली. पुतळाशी बोलता बोलता त्यानं हात फिरवला तो सरळ तिच्या तोंडावर आदळला.

"अगो! कवा आलीस इकडं?"

ती मघापासून तिथेच उभी होती. मध्यंतरी पायरीवर त्याचा पाय दोनदा चुकला होता, ताटातली डावीकडची चटणी तशीच राहायची, सखू म्हणायची, "आवडत नाय वाटतं आता." हे सगळं आता रांगेनं तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. आजाराचं नाव तिला ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं होतं की बाबा गेले सात महिने जे बघतायत, ते आभाळात नाही.

"दादूस, उचलू का ठेवू?" पुतळानं पाटी कमरेला लावून विचारलं. मागे बाकीच्या बायका थांबल्या होत्या.

"आज उचला," सुचिता मध्येच म्हणाली. "हे खळं खरं आहे. वर बर्फाचा थर आलाय म्हणजे त्याच्यामागून समुद्रातून काहीतरी येतंय. नक्की नाही सांगता येत, पण उद्यापर्यंत पाऊस होऊ शकतो."

"आनि रोज व्हतं ते खोटं व्हतं?" पुतळानं विचारलं.

सुचिता सासऱ्यांकडे वळली. सगळ्यांच्या देखत काय सांगणार? हे तुमचं खळं तुमच्या डोळ्यात आहे, असं?

"टीचरबाय," पुतळा म्हणाली, "पुस्तकातलं पानी पुस्तकातच पडतं. दादूस, तू बोल."

गोटीराम अजून चंद्राकडे बघत होता. एकदा त्यानं अंगठा धरला, काढला, परत धरला. कपाळाला आठी पडली. मग तो म्हणाला, "बारीकच हाय. ठेवा."

बायकांनी ताडपत्र्या ओढल्या. सुचितानं सखूचा हात धरला. "आई, आपला तरी उचलू. मी नेते पाट्या."

"येडी का तू?" सखू कुजबुजली. "घरातल्यानीच उचलला तं बाकीच्या काय म्हनतील? म्हाताऱ्याचा शब्द त्याच्याच चुलीत जालायचा?" आणि तिनं स्वतःच्या ढिगावर स्वतःच दगड ठेवला.

घरी आल्यावर सुचितानं हरेशला फोन लावला. तो पुण्याच्या वाटेवर होता, साहेब मागे बसलेले. "उद्या दुपारी येतो, मग जाऊ," म्हणाला. तिनं रिक्षा बोलावली. गोटीराम खाटेवरून उठेना. "सकाली उतरतं. उतरलं नाय तं चल." त्यानं रुमाल घट्ट आवळला आणि भिंतीकडे तोंड केलं. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला उचलून रिक्षात कसं घालायचं? तिनं नेटवर शोधलं. दिव्याभोवती रंगीत कडी, भुवई दुखणं, झोपेनं उतार. जे वाचलं ते तिनं पुन्हा वाचलं. मग ती सासऱ्यांच्या उशाशी जाऊन बसली. "बाबा, चला ना." सखू दारात उभी राहून म्हणाली, "झोपू दे ना त्यांना," आणि तिच्या आवाजातही आर्जव होतं.

सकाळी ठणका नव्हता. गोटीराम पायरीवर बसून दात घासत होता. "बघ. गेलं. तुमचं नेट लय घाबरवतं." आभाळ राखी झालं होतं. बायकांनी जवळा पुन्हा पसरला, कारण दादूसनं ठेवा म्हटलं होतं आणि ऊन अधूनमधून पडतही होतं. सुचितानं शाळेला सुट्टी टाकली. हरेश येईपर्यंत ती घर आणि जेट्टी, जेट्टी आणि घर करत राहिली. बाबांना न्यायचं की जवळा उचलायचा, तिच्या हातात दोन्हीही नव्हतं.

दुपारच्या जेवणानंतर पाऊस आला. पुलाच्या बाजूनं पांढरी भिंत चालत आली आणि बघता बघता खाडी दिसेनाशी झाली. बायका ओरडत धावल्या. कुणी झाडू, कुणी सूप, कुणी नुसते हात. जवळा पाण्याबरोबर जेट्टीच्या उतारावरून वाहत निघाला, खाडीतून आलेला खाडीत परत चालला. सखू गुडघ्यावर बसून ओंजळीनं अडवत होती. सुचिता तिच्या बाजूला. ओंजळीत येईतो तो बोटांमधून निसटायचा.

गोटीराम दारात उभा राहून बघत होता. मग पावसात चालत आला. डाव्या बाजूच्या ताडपत्रीत त्याचा पाय अडकला, तो पडला, आणि उठून तसाच उभा राहिला. पुतळा भिजलेल्या केसांनी त्याच्यासमोर आली. सगळ्यांना वाटलं, आता ती शिव्या घालणार. तिनं त्याच्या गुडघ्याचं खरचटलेलं पाहिलं.

"दादूस," ती म्हणाली, "तू तं बारीक बोललास." आणि गेली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी लाईट गेले होते. अंधारात गोटीराम खाटेवर बसून राहिला, जेवला नाही. सातच्या सुमारास त्याला उलटी झाली. सखू म्हणाली, पावसात भिजला, पोटात वारा धरला. सुचितानं मोबाईलचा उजेड पाडला. डावा डोळा लालबुंद, बुबुळावर वाफ धरल्यासारखी. तो डोकं दोन्ही हातांत धरून हुंदका दाबत होता. "फोडून टाक गं कुनी," तो म्हणाला. "ह्या डोल्यात खिला ठोकलाय."

या वेळी त्याला विचारलं नाही. पावसात अडकून नुकत्याच पोचलेल्या हरेशनं त्याला उचललं.

डोळ्यांच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, हरेशच्याच वयाच्या. त्यांनी थेंब घातले, सलाईन लावलं, डोळ्यातला दाब मोजला, पुन्हा थेंब घातले. दाब उतरायला पहाट झाली. मग त्यांनी सुचिता आणि हरेशला समोर बसवलं.

"डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि एका बारीक कोपऱ्यातून निचरून जातं. बाबांचा तो कोपरा अरुंद आहे. अंधार पडला की बाहुली मोठी होते, कोपरा बंद होतो, पाणी तुंबतं. दाब वाढला की बुबुळाला सूज येते, त्यात पाण्याचे सूक्ष्म थेंब साठतात. त्या थेंबांमुळे दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. झोपेत बाहुली लहान होते, म्हणून सकाळी बरं वाटतं. उजव्या डोळ्याला लेझरनं बारीक छिद्र पाडू, तो वाचेल. डाव्यालाही करू. पण डाव्याचं बरंच गेलंय. हे एका रात्रीत झालेलं नाही."

"परत येईल?" हरेशनं विचारलं.

"गेलेलं नाही येत."

"ऑपरेशन केलं तर? मुंबईला नेलं तर?"

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "जे आहे ते टिकवायचं." मग त्यांनी विचारलं, तसा हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारत असणार, "कडी दिसतात असं ते कुणाला बोलले नव्हते का?"

बोलले होते. रोज बोलले होते. संध्याकाळी जेट्टीवर उभं राहून, अख्ख्या कोळीवाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात. आज खळं हाय. आजबी हाय. चांदाला खेटून हाय. आतून निळं, बाहेरून तांबडं. एवढं नेमकं कुणी आपलं दुखणं डॉक्टरलाही सांगत नाही. आणि बायकांनी ते ऐकून ताडपत्र्या ओढल्या होत्या, सासूनं त्यावर ओवी जुळवली होती, आणि तिनं, बावीस अंश ज्याला-त्याला समजावणाऱ्या बाईनं, वर बघून म्हटलं होतं, मला नाही दिसत, माझेच डोळे कमी.

लेझर झालं. ठणका थांबला. कडी थांबली. घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी गोटीराम पायरीवर बसून रस्त्याच्या दिव्याकडे बघत होता.

"नाय आता," तो म्हणाला. "नुसता दिवा."

"बरं झालं ना," सखू म्हणाली.

"हं." मग तो सुनेकडे वळला. "सुचिते, शिमग्यापासून जे बघितलं त्यातलं एक बी आभालातलं नव्हतं?"

ती त्याच्या शेजारी बसली. उजव्या बाजूला. "नव्हतं, बाबा. त्या दिवसाचं सोडून."

"आनि ते मना दिसलं नाय."

"नाही."

"मोठं व्हतं?"

"खूप मोठं."

त्यानं मान हलवली. आत जाऊन झोपला. त्यानंतर तो जेट्टीवर गेला नाही. बायका काही दिवस संध्याकाळी दाराकडे बघायच्या. सवयीनं मान वळायची आणि लक्षात आलं की परत फिरायची. एकदा पुतळा येऊन ओट्यावर बसली, सुक्या बोंबलांची जुडी ठेवली आणि म्हणाली, "दादूस, तू नसलास तं आमी मोबाईल बघतो. त्यो बी चुकतो रे. पन त्याला शिव्या घालता येत नायत." गोटीराम हसला. जेट्टीवर चल, असं पुतळाही म्हणाली नाही.

दिवाळीनंतर डॉक्टरबाईंनी पुन्हा बोलावलं. नजर किती शिल्लक आहे त्याची तपासणी करायची होती. सखू हट्टानं आली होती, नवी साडी नेसून, कारण हॉस्पिटलला जाताना नीट जावं असं तिला वाटायचं. गोटीरामला एका अंधाऱ्या खोलीत नेलं. दार अर्धवट उघडं होतं. आत एक पांढरा, वाटीसारखा घुमट, त्यात त्यानं हनुवटी टेकायची. हातात एक बटण.

"बाबा, समोरच्या ठिपक्याकडेच बघायचं," तिथली मुलगी सांगत होती. "आजूबाजूला बारीक दिवे लागतील, कुठेही. दिसला की बटण दाबायचं. डोळा फिरवायचा नाही."

आधी उजवा डोळा. बाकावर बसलेल्या सखूला आणि सुचिताला आवाज येत होता. टक. टक. मध्ये जरा थांबून, टक टक. कधी लगेच, कधी उशिरा, पण येत होता. सखूचे ओठ त्याबरोबर हलत होते. जवळा निवडताना हलायचे तसेच. "चांगलं चाललंय ना?" तिनं विचारलं.

"हो, आई."

मग मुलीनं उजव्या डोळ्यावर पट्टी लावली. डाव्याची पाळी आली. "तयार, बाबा? सुरू करते."

आतून यंत्राची बारीक घरघर ऐकू येऊ लागली. पंखा फिरत होता. बाहेर कुणाचं तरी मूल चिप्सची पिशवी फोडत होतं. टक, असा एकदा आवाज आला. मग नाही.

सखूनं पदर सारखा केला. दाराकडे पाहिलं.

"सुचिते," ती हळूच म्हणाली, "अजून सुरू नाय केलं का गं तिनं?"

सुचिता यंत्राची घरघर ऐकत होती. आत एकामागून एक दिवे लागत होते, वर, खाली, डावीकडे, विझत होते.

"बाबा," आतली मुलगी मऊ आवाजात म्हणाली, "दिसला की दाबायचं हं."

"दाबीन ना, बाय," गोटीराम म्हणाला. "दिसला की दाबीन."